आधीचा अंदाज हाताशी नसताना नमुना किती घ्यायचा आणि p = ०.५ का धरायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका ग्रंथालयाचे १२,००० सभासद आहेत. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवली तर त्यांतले किती टक्के सभासद ती वापरतील, हे व्यवस्थापनाला जाणून घ्यायचं आहे. हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारलेला नाही आणि दुसरीकडची आकडेवारीही मिळत नाही. सगळ्यांना विचारणं शक्य नसल्याने सभासदांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही नावं निवडायची आहेत. ती किती निवडायची? खालचे बहुतेक प्रश्न याच उदाहरणाच्या आधाराने सोडवले आहेत.

सूत्र कोणतं वापरायचं?

प्रमाणाचा अंदाज घ्यायचा असेल आणि निवड साधी यादृच्छिक असेल, म्हणजे यादीतून तेवढ्या नावांचा कोणताही संच निवडला जाण्याची संधी सारखीच असेल, तर हे नेहमीचं सूत्र:

```
n = z² × p × (1 − p) / E²
```

इथे `n` म्हणजे नमुन्याचा आकार. `E` म्हणजे अंदाज खऱ्या उत्तरापासून दोन्ही बाजूंना किती लांब गेला तरी चालेल ते, अर्थात मार्जिन. ५ टक्के मार्जिन म्हणजे `E` = ०.०५. `z` हा आकडा विश्वासपातळीवरून, म्हणजे मार्जिन पाळलं जाईल याची किती टक्के खात्री हवी त्यावरून, ठरतो. ९० टक्क्यांना १.६४५, ९५ टक्क्यांना १.९६ आणि ९९ टक्क्यांना २.५७६. उरला `p`, म्हणजे "हो" म्हणणाऱ्यांचं समष्टीतलं, म्हणजे इथे ग्रंथालयाच्या सगळ्या सभासदांतलं, खरं प्रमाण.

`E` आणि `z` आपण ठरवतो. `p` मात्र आपल्या हातात नाही आणि सगळी अडचण तिथेच आहे.

जे शोधायचं आहे तेच सूत्रात आधी कसं घालायचं?

ही शंका अगदी रास्त आहे. नमुना किती हवा हे `p` वर अवलंबून, आणि `p` कळावा म्हणून तर नमुना घ्यायचा. हे चक्र तोडायचे मार्ग मोजकेच आहेत. आधीचा एखादा विश्वासार्ह अभ्यास वापरायचा, छोटी चाचणी पाहणी करायची, नाहीतर `p` काहीही निघाला तरी पुरेल असा आकडा काढायचा. पहिले दोन्ही मार्ग बंद असतील तेव्हा तिसरा उरतो, आणि माझ्या मते तो बऱ्याचदा पहिल्या दोहोंपेक्षा सुरक्षितही असतो.

"काहीही निघाला तरी पुरेल" याचा अर्थ नेमका घ्यायला हवा. `p` ची ० ते १ मधली प्रत्येक शक्य किंमत घेऊन लागणारा `n` काढला, तर त्यांतला सगळ्यात मोठा `n` कोणता? तो घेतला की पुढे खरं प्रमाण कुठेही असो, ठरवलेलं मार्जिन ओलांडलं जात नाही. हा सगळ्यात मोठा `n` येतो `p` = ०.५ ला.

तो अर्ध्यावरच का येतो?

सूत्रात `p` फक्त `p × (1 − p)` या गुणाकारात आहे, म्हणून तेवढाच तपासू. `p` अर्ध्यापासून `d` इतका दूर आहे असं माना. मग एक अवयव अर्ध्यापेक्षा `d` ने मोठा आणि दुसरा `d` ने लहान होतो:

```
p × (1 − p) = (0.5 + d) × (0.5 − d) = 0.25 − d²
```

`d²` कधीच ऋण नसतो. त्यामुळे गुणाकार ०.२५ च्या वर जाऊ शकत नाही, आणि `d` शून्य असतो तेव्हाच, म्हणजे बरोबर अर्ध्यावर, तो ०.२५ होतो. कॅल्क्युलसची गरज नाही, शाळेतली बीजगणिताची ओळख पुरते.

यामागचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. `p × (1 − p)` हे एका हो/नाही उत्तराचं प्रसरण, म्हणजे उत्तरं किती विखुरतात त्याचं माप, आहे. ग्रंथालयाच्या जवळजवळ सगळ्या सभासदांना रात्रीची अभ्यासिका नको असेल, तर कोणालाही उचला, उत्तर बहुधा "नाही" असंच येईल. दहा जणांचा एक नमुना आणि दहा जणांचा दुसरा नमुना एकमेकांपासून फारसे वेगळे पडणार नाहीत. सभासद निम्मे-निम्मे विभागलेले असतील, तर पुढच्या माणसाचं उत्तर काय असेल हे सांगणं सगळ्यात अवघड असतं आणि एका नमुन्यात ३ तर दुसऱ्यात ७ "हो" सहज येऊ शकतात. ही उसळी जिथे सर्वाधिक, तिथे तिला दाबून धरायला माणसंही सर्वाधिक लागतात.

आणखी एक गोष्ट `0.25 − d²` मध्येच दडलेली आहे. `d` लहान असला की `d²` फारच लहान होतो, म्हणजे आलेखाचा माथा टोकदार नसून बराच सपाट आहे. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के मार्जिन धरून पाहा. `p` = ०.५ ला ३८५ माणसं लागतात आणि ०.४ ला ३६९, फक्त १६ कमी. ०.३ ला आकडा ३२३ वर येतो. खरी उतरण त्यानंतर सुरू होते. ०.२ ला २४६, ०.१ ला १३९. ०.६ ते ०.९ कडे याच आकड्यांची आरशातली प्रतिमा दिसते, कारण "हो" आणि "नाही" यांची अदलाबदल केली तर गुणाकार बदलत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की खरं प्रमाण ३० ते ७० टक्क्यांच्या आत कुठेही असलं, तर ०.५ धरल्याने होणारी जास्तीची मेहनत एकूण मेहनतीच्या सहाव्या हिश्श्याच्या आतच राहते.

०.५ धरलं म्हणजे निम्मे सभासद "हो" म्हणतील असं आपण गृहीत धरतो का?

नाही. हा गैरसमज मला सर्वांत जास्त वेळा दिसतो आणि तो दूर झाल्याशिवाय बाकीचं नीट बसत नाही. ०.५ हे भाकीत नाही, तो सगळ्यात वाईट प्रसंग आहे. "आम्हाला काहीच माहीत नाही म्हणून मधला आकडा घेतला" असं अनेक अहवालांत लिहिलेलं असतं, आणि हे समर्थन चुकीचं आहे. आकडा मधला आहे म्हणून घेतलेला नाही. तिथे प्रसरण सर्वाधिक आहे म्हणून घेतला आहे. प्रसरणाचं शिखर ०.५ ऐवजी ०.२ वर असतं, तर काहीच माहीत नसताना आपण ०.२ घेतला असता.

म्हणूनच पाहणी झाल्यावर हा ०.५ बाजूला ठेवायचा. त्याचं काम नमुन्याचा आकार ठरवण्यापुरतं होतं. उत्तरं हाती आल्यावर मार्जिन काढताना मिळालेलं प्रमाण वापरायचं.

मग उत्तर २० टक्के आलं, तर जास्तीची माणसं वाया गेली ना?

वाया गेली नाहीत, त्यांचं मोल अचूकतेत मिळालं. आकडे घालून बघू. ग्रंथालयाने ३८५ सभासदांना विचारलं आणि ७७ जणांनी "हो, वापरू" असं सांगितलं. ७७ भागिले ३८५ म्हणजे बरोबर ०.२. आता मार्जिन:

```
E = 1.96 × √(0.2 × 0.8 / 385) ≈ 0.04
```

ठरवलं होतं ५ टक्के, मिळालं ४ टक्के. म्हणजे अंदाजाचा पट्टा १६ ते २४ टक्के. १२,००० सभासदांत हे सुमारे १,९२० ते २,८८० लोक होतात. ठरवलेल्या ५ टक्क्यांनी पट्टा १,८०० ते ३,००० इतका रुंद झाला असता. वचन दिलं त्यापेक्षा पट्टा अरुंद निघाला, यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

उलट बाजू पाहा. कोणीतरी "आपल्याकडे रात्री कोण येतंय, १० टक्के फार झाले" असं म्हणून ०.१ धरला आणि १३९ जणांवरच थांबला. खरं प्रमाण २० टक्के निघालं तर मार्जिन सुमारे ६.६ टक्क्यांवर जातं. वचन मोडलं, आणि ते मोडल्याचं पाहणी संपल्यावर कळलं. जास्त माणसं घेतल्याचा तोटा म्हणजे थोडं जास्तीचं काम. कमी घेतल्याचा तोटा म्हणजे पुन्हा पाहणी करणं, किंवा जास्त वेळा असं होतं की कोणी पुन्हा करत नाही आणि ढोबळ आकड्यावरच निर्णय होतो.

३८४ बरोबर की ३८५?

१.९६ च्या वर्गाला ०.२५ ने गुणून ०.००२५ ने भागलं की ३८४.१६ येतं. नमुन्याच्या आकारात अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यायचा, म्हणून ३८५. अनेक तक्त्यांत ३८४ छापलेलं आढळतं. त्याने मार्जिन ५ ऐवजी ५.००१ टक्के होतं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक पडत नाही. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

तोंडी हिशोबासाठी `z` ला २ धरलं की सूत्र `n = 1 / E²` एवढंच उरतं. ५ टक्क्यांना ४००, २ टक्क्यांना २,५००, १ टक्क्याला १०,०००. मार्जिन निम्मं करायचं तर माणसं चौपट लागतात हेही यात लगेच दिसतं. बैठकीत कोणी सहज "५ ऐवजी १ टक्का करू या" म्हणालं, तर काम पंचवीस पटीने वाढेल हे तिथल्या तिथे सांगता यायला हवं.

अगदीच अंधार नाही, थोडी कल्पना आहे. ती वापरू का?

वापरा, पण एक आकडा म्हणून वापरू नका, पट्टा म्हणून वापरा. खरं प्रमाण १० ते ३० टक्क्यांच्या आत आहे असं ठामपणे म्हणता येत असेल, तर त्या पट्ट्यातली अर्ध्याला सगळ्यात जवळची किंमत घ्यायची. इथे ती ०.३, म्हणून ३२३ माणसं. पट्टा ६० ते ९० टक्के असेल तर ०.६ घ्यायचा. पट्ट्यातच अर्धा येत असेल, समजा ३५ ते ८० टक्के, तर पुन्हा ०.५. तत्त्व तेच आहे, फक्त "सगळ्यात वाईट प्रसंग" आता ० ते १ ऐवजी छोट्या पट्ट्यात शोधायचा.

लोक बहुतेक वेळा पट्ट्याचा मध्य घेतात. १० ते ३० चा मध्य २० म्हणून २४६ वर थांबतात आणि खरं प्रमाण २० च्या वर निघालं की मार्जिन हुकतं.

"ठामपणे" या शब्दाकडेही लक्ष द्या. पट्टा कुठून आला हे अहवालात एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर तो पट्टा नसून मनातली समजूत आहे. अशा वेळी ०.५ वरच राहावं.

आधी छोटी चाचणी पाहणी करून p काढला तर?

करता येते, पण छोट्या पाहणीतला आकडा किती डळमळीत असतो हे विसरून चालत नाही. समजा ३० सभासदांना विचारलं आणि ३ जण "हो" म्हणाले. ०.१ धरून १३९ काढावेत असा मोह होईल. पण ३० पैकी ३ या निकालाचा ९५ टक्क्यांचा पट्टा, लहान नमुन्यांना किंवा टोकाच्या प्रमाणांना चालणाऱ्या विल्सनच्या पद्धतीने काढला, तर तो साधारण ३.५ ते २६ टक्के इतका रुंद आहे. त्यातलं अर्ध्याजवळचं टोक ०.२६ घेतलं तर २९६ माणसं लागतात. १३९ आणि २९६ मधली तफावत हीच त्या ३० जणांच्या अंदाजातली अनिश्चितता आहे.

चाचणी पाहणी मी करायला सांगतो ती वेगळ्या कारणासाठी. प्रश्न लोकांना नीट कळतो का, "उशिरापर्यंत" म्हणजे किती वाजेपर्यंत असं ते उलट विचारतात का, यादीतले किती पत्ते जुने झाले आहेत, हे तिच्यातून कळतं. `p` साठी ती क्वचितच पुरेशी असते.

०.५ नेहमीच सुरक्षित असतो का?

नाही, आणि या पानावरचा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. ०.५ सुरक्षित आहे तो फक्त मार्जिन "इतके टक्के इकडे-तिकडे" अशा स्वरूपात ठरवलेलं असताना. शोधायची गोष्ट दुर्मिळ असली की हे स्वरूपच कुचकामी ठरतं.

त्याच ग्रंथालयाला आता दुसरा प्रश्न पडला आहे. किती सभासदांना ब्रेल पुस्तकांची गरज आहे? ०.५ धरून, ५ टक्के मार्जिन ठेवून ३८५ जणांना विचारलं. ८ जणांनी "हो" सांगितलं, म्हणजे सुमारे २.१ टक्के. त्यात ५ टक्के मिळवले-वजा केले तर पट्टा उणे ३ ते ७ टक्के. उणे तीन टक्के सभासद असू शकत नाहीत, त्यामुळे काहीतरी बिनसलं आहे हे इथेच ओळखावं. मिळालेल्या प्रमाणावरून विल्सनच्या पद्धतीने पट्टा काढला तर तो सुमारे १.१ ते ४ टक्के येतो. दिलेलं वचन पाळलं गेलं आहे, पट्टा ५ टक्क्यांच्या कितीतरी आत आहे. पण १२,००० सभासदांत याचा अर्थ १३० लोक की ४८० लोक हे सांगता येत नाही. पुस्तकं मागवायची तर दोन्ही टोकांत जवळपास चौपटीचा फरक आहे.

अशा ठिकाणी मार्जिन सापेक्ष ठरवावं लागतं, म्हणजे अंदाज खऱ्या आकड्याच्या एक दशांशाच्या आत हवा, असं. सापेक्ष मार्जिनला `r` म्हटलं तर सूत्र असं होतं:

```
n = z² × (1 − p) / (p × r²)
```

आता `p` छेदात गेला. तो जितका लहान, तितका `n` मोठा, आणि शून्याकडे जाताना त्याला कुठलीच वरची मर्यादा उरत नाही. १० टक्के सापेक्ष मार्जिनला `p` = ०.५ असताना ३८५ माणसं लागतात, ०.०५ असताना ७,३०० आणि ०.०२ असताना १८,८२४. शेवटचा आकडा ग्रंथालयाच्या एकूण सभासदांपेक्षा मोठा आहे. समष्टी मर्यादित असल्याची दुरुस्ती लावली, जी पुढच्या प्रश्नात येते, तरीही ७,३०० च्या वर माणसं लागतात. म्हणजे इथे ०.५ हा सगळ्यात वाईट प्रसंग नाही. दुर्मिळ गोष्टींच्या बाजूने पाहिलं तर तो अतिशय सोयीचा प्रसंग आहे, आणि "आम्ही सुरक्षित आकडा घेतला" असं म्हणणारा माणूस नकळत उलटं करत असतो.

मग काहीच माहीत नसताना काय करावं? ज्याच्या खाली प्रमाण गेलं तर अचूक मोजण्याची गरजच उरत नाही, असा एक उंबरठा आधी ठरवावा. ग्रंथालय म्हणू शकतं की २ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर आम्ही पुस्तकं मागणीनुसार मागवू, नेमकं प्रमाण नको. मग `p` = ०.०२ घ्यायचा आणि सापेक्ष मार्जिन झेपेल इतकं सैल करायचं. २५ टक्के ठेवलं तर ३,०१२ येतात, आणि १२,००० ची दुरुस्ती लावल्यावर २,४०८. हेही जमत नसेल तर नमुना पाहणीचा नाद सोडून नावनोंदणीच्या अर्जात एक रकाना वाढवावा. वर्षभरात नूतनीकरण करणाऱ्या प्रत्येकाचं उत्तर आपोआप मिळेल.

एकही "हो" आला नाही तर? तेव्हा वरचं मार्जिनचं नेहमीचं सूत्र शून्य मार्जिन दाखवतं, जे उघडच खोटं आहे. अशा वेळी ३ ला नमुन्याच्या आकाराने भागावं. ३८५ पैकी शून्य असतील, तर खरं प्रमाण ९५ टक्के विश्वासाने ०.८ टक्क्यांच्या खाली आहे एवढंच म्हणता येतं.

समष्टी मोठी असेल तर नमुनाही मोठा लागतो ना?

वरच्या पहिल्या सूत्रात समष्टीचा आकार कुठेच नाही, आणि हे अनेकांना पटत नाही. नमुना समष्टीच्या मानाने लहान असतो तोवर अचूकता नमुन्यातल्या माणसांच्या संख्येवर ठरते, समष्टीच्या किती टक्के घेतले यावर नाही. "दहा टक्के नमुना घ्या" या नियमाला म्हणून काही आधार नाही. समष्टी लहान असेल तर मात्र थोडी सूट मिळते:

```
n = n0 / (1 + (n0 − 1) / N)
```

`n0` म्हणजे आधी आलेला ३८४.१६, `N` म्हणजे समष्टी. १२,००० सभासदांना ३७३ पुरतात, २,००० असतील तर ३२३, आणि १ लाख असतील तर ३८३. त्यानंतर आकडा जवळजवळ हलतच नाही.

स्त्रिया आणि पुरुष असे वेगवेगळे आकडे हवे असतील तर?

मग ३८५ हा आकडा प्रत्येक गटासाठी लागेल. एकूण ३८५ मध्ये १९३ स्त्रिया आल्या, तर त्यांच्यापुरतं मार्जिन सुमारे ७ टक्के होतं. दोन गटांतला फरक ५ टक्के मार्जिनने हवा असेल तर भार आणखी वाढतो, कारण दोन्ही अंदाजांची उसळी एकत्र येते. दोन्हीकडे ०.५ धरून प्रत्येक गटात ७६९ माणसं लागतात. गट कोणते पाडायचे हे पाहणीआधीच ठरवा.

निवडलेले सगळे उत्तर देत नाहीत. तेवढे जास्त निवडले की झालं?

संख्या भरते. चूक मात्र भरून येत नाही. दहातले सात उत्तर देतील असं वाटत असेल तर ३८५ ला ०.७ ने भागून ५५० जणांना विचारायचं, इथपर्यंत ठीक. पण रात्रीची अभ्यासिका ज्यांना हवी आहे तेच उत्तर द्यायला जास्त उत्सुक असतात. समजा खरं प्रमाण २० टक्के आहे. हवी असणाऱ्यांपैकी ९० टक्के आणि नको असणाऱ्यांपैकी ६५ टक्के उत्तर देतात. एकूण प्रतिसाद बरोबर ७० टक्केच येईल, सगळं ठरल्याप्रमाणे दिसेल. पण आलेल्या उत्तरांत "हो" चं प्रमाण ०.१८ भागिले ०.७०, म्हणजे जवळपास २६ टक्के असेल. ५५० ऐवजी ५,५०० जणांना विचारलं तरी २६ च येईल, फक्त त्याभोवतीचं मार्जिन इतकं लहान दिसेल की चुकीच्या आकड्यावर जास्त विश्वास बसेल.

०.५ धरून मिळणारं संरक्षण फक्त योगायोगाने होणाऱ्या चढउतारापासून आहे. कोण उत्तर देतं यातल्या कलापासून ते वाचवत नाही. उत्तर न देणाऱ्यांना पुन्हा गाठणं, आणि उशिरा उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण आधी देणाऱ्यांपेक्षा वेगळं पडतंय का ते पाहणं, हाच यावरचा उपाय. वेगळं पडत असेल तर कल आहे असं समजावं.

यादीतून एकेक नाव न निवडता गटच्या गट निवडले तर?

तर ३८५ अपुरे पडतात. एका गटातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे त्याच गटातला विसावा माणूस नवं फारसं सांगत नाही. याला आराखड्याचा परिणाम म्हणतात आणि त्याने मूळ आकड्याला गुणतात:

```
deff = 1 + (m − 1) × ρ
```

`m` म्हणजे प्रत्येक गटातली माणसं, `ρ` म्हणजे त्यांच्यातलं साम्य. २० जणांचे गट आणि साम्य फक्त ०.०५ असलं तरी गुणक १.९५ येतो आणि ३८५ चे ७५१ होतात.

जागतिक आरोग्य संघटनेची लसीकरणाची गाजलेली "३० समूह, प्रत्येकी ७ मुलं" ही पद्धत याच हिशोबातून आली आहे. तिथेही लस घेतलेल्या मुलांचं प्रमाण ५० टक्के धरलं, मार्जिन १० टक्के आणि विश्वासपातळी ९५ टक्के ठेवली. त्यातून सुमारे ९६ येतात. समूह निवडायचे म्हणून दुप्पट केले, १९२. ते ३० समूहांत सारखे वाटताना प्रत्येकी ७ घेतले आणि २१० झाले.

प्रश्नाला "हो, नाही, सांगता येत नाही" अशी तीन उत्तरं असतील तर?

एकाच पर्यायाचं प्रमाण हवं असेल, तर "तो" आणि "बाकी सगळे" असे दोन भाग पडतात आणि ०.५ लागू होतो. पण तिन्ही प्रमाणं एकाच वेळी ५ टक्क्यांच्या आत असल्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सगळ्यात वाईट प्रसंग अर्ध्या-अर्ध्याचा राहत नाही. तो प्रत्येकी एक तृतीयांश असतानाचा होतो आणि ५१० माणसं लागतात. पर्याय तीनाहून जास्त असले तरी हे ५१० पुरतात.

अहवालात हे कसं लिहायचं?

आकड्यामागचे निर्णय दिसले पाहिजेत. ग्रंथालयाच्या पहिल्या पाहणीसाठी मी असं लिहीन: "पूर्वीचा अंदाज उपलब्ध नसल्याने, प्रसरण सर्वाधिक असेल ती किंमत म्हणून प्रमाण ०.५ धरले. विश्वासपातळी ९५ टक्के व मार्जिन ५ टक्के ठेवून ३८५ ही संख्या आली. ७० टक्के प्रतिसाद अपेक्षित धरून सभासदांच्या यादीतून यादृच्छिक पद्धतीने ५५० जण निवडले. ३८५ जणांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ७७ जणांनी, म्हणजे २० टक्क्यांनी, होकार दिला. या प्रमाणावरून काढलेले मार्जिन ४ टक्के आहे. उत्तर न दिलेल्या १६५ जणांचे मत वेगळे असू शकते आणि या मार्जिनमध्ये ते धरलेले नाही."